गच्ची सगळ्यांची, मीटर आपलं: सोलर बसवण्याआधी कोणाची परवानगी?

प्रश्न: नाशिकला इंदिरानगरमध्ये आमची पार्किंग अधिक पाच मजली इमारत आहे, २० फ्लॅट, २०१२ साली बांधलेली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचंय. विक्रेता म्हणतो, "दहा किलोवॅटपर्यंत कुठलीच परवानगी लागत नाही, पोर्टलवर आपोआप मंजुरी येते." सेक्रेटरी म्हणतात, "वीसच्या वीस सह्या आणा आणि महापालिकेचं पत्र आणा." खालून वावरता यावं म्हणून विक्रेता स्ट्रक्चर नऊ फूट उंच करणार आहे. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे, लाइट बिल अजून माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या नावानं येतं. वापर महिन्याला २०० युनिटच्या आसपास. आमच्या समोरचे भाडेकरूही विचारतायत, त्यांना जमेल का?

उत्तर:

ताई, मी नाशिक आणि आसपास अकरा वर्षं सोलर बसवतोय. तुमचा विक्रेता आणि तुमचे सेक्रेटरी, दोघंही अर्धं-अर्धं खरं बोलतायत. दोघं वेगवेगळ्या परवानगीबद्दल बोलतायत, म्हणून तुमचा गोंधळ झालाय.

विक्रेत्याचं अर्धं खरं असं. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वीज कंपनीच्या तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, अर्ज पूर्ण असला की तो मान्य धरला जातो. पण ही मंजुरी तारेची आहे. तुमच्या मीटरवर सोलर जोडायला महावितरणची हरकत नाही, एवढंच ती सांगते. गच्चीवर कोणाचा हक्क आहे हे महावितरण बघत नाही, त्यांना त्याच्याशी देणंघेणंही नाही. पीएम सूर्यघर ही केंद्राची छतावरच्या सोलरला अनुदान देणारी योजना. तिच्यात सामायिक छतावरचं सोलर चालतं, पण ते छत वापरायचा कायदेशीर हक्क अर्जदाराकडे असावा लागतो, आणि तो आहे की नाही हे पोर्टल तपासत बसत नाही. म्हणून असं होतं की पोर्टलवर हिरवी खूण येते, पॅनेल येऊन पडतात, आणि ट्रकमधून उतरवताना वॉचमन म्हणतो, "चेअरमन साहेबांनी वर चढू देऊ नका सांगितलंय."

सेक्रेटरींचं अर्धं खरं आहे की नाही, हे तुमची इमारत कागदावर नेमकी काय आहे त्यावर ठरतं. बोलताना आपण सगळ्यालाच सोसायटी म्हणतो. पण नाशिक-पुण्याकडच्या पुष्कळ इमारती या सहकारी संस्था नाहीतच, त्या १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या अपार्टमेंट आहेत. ओळखायला सोपं आहे. सासूबाईंकडे भाग दाखला म्हणजे शेअर सर्टिफिकेट असेल आणि संस्थेच्या लेटरहेडवर उपनिबंधकांकडचा नोंदणी क्रमांक असेल, तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था. त्याऐवजी फ्लॅटच्या कागदांत 'डीड ऑफ अपार्टमेंट' असेल आणि बिल्डरनं 'घोषणापत्र' म्हणजे 'डीड ऑफ डिक्लरेशन' नोंदवलेलं असेल, तर अपार्टमेंट.

हा फरक का महत्त्वाचा? अपार्टमेंट कायद्याच्या कलम ८ मध्ये म्हटलंय की इमारतीच्या सुरक्षिततेला धक्का लागेल असं काम, किंवा एखादं महत्त्वाचं नवं बांधकाम, कोणाही फ्लॅटधारकाला इतर सर्वांच्या एकमतानं दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवलेली बुटकी चौकट 'महत्त्वाचं बांधकाम' ठरते का, यावर वकील वाद घालतील आणि माझ्या मते ती ठरू नये. पण नऊ फुटी लोखंडी खांब उभे केले तर तो वाद तुम्ही स्वतःहून ओढवून घेताय. म्हणजे तुमची इमारत अपार्टमेंट असेल, तर वीस सह्यांचा आग्रह अगदीच हवेतला नाही. तिथं घोषणापत्र आणि त्याला जोडलेले उपविधी काढून वाचा, सामायिक जागेबद्दल काय लिहिलंय ते बघा, आणि जमतील तितक्या सह्या खरंच घ्या.

सहकारी संस्था असेल तर मात्र वीस सह्यांची अट कुठल्याही कायद्यात नाही. लागतो तो सर्वसाधारण सभेचा ठराव, हजर सभासदांच्या बहुमतानं. इथं लोक उलट्या बाजूची चूक करतात. सेक्रेटरी ओळखीचे असतात, ते लेटरहेडवर दोन ओळींची एनओसी देतात, शिक्का मारतात आणि काम होतं. ती एनओसी कच्ची असते. आदर्श उपविधींत सभासदाला गच्ची वापरायला द्यायची जी तरतूद आहे ती लग्नकार्य, मुंज, वाढदिवस अशा तात्पुरत्या वापरासाठी आहे. सोलर पंचवीस वर्षं तिथंच राहणार. सगळ्यांच्या जागेचा एक तुकडा एका सभासदाला इतका काळ देणं हा निर्णय व्यवस्थापक समितीचा नाही, सभेचाच आहे.

असं एक प्रकरण माझ्याच अंगावर आलं होतं, म्हणून सांगतो. एका गृहस्थांकडे सेक्रेटरींची एनओसी होती, मी ती बघितली आणि काम केलं. दोन वर्षांनी समिती बदलली. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या छताला ओल आली आणि नव्या समितीनं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं. पॅनेल हलवायचे पैसे कोणी द्यायचे, यावर भांडण पेटलं. गृहस्थ म्हणत, "गळती माझ्यामुळे नाही." समिती म्हणे, "तुमच्या एनओसीला सभेचा ठराव नाही, उचला सगळं." शेवटी चार महिने पॅनेल गच्चीच्या कोपऱ्यात उभे करून ठेवलेले होते. त्यात गळती कुणामुळे हे कधीच ठरलं नाही. तेव्हापासून ठरावाची खरी प्रत पाहिल्याशिवाय मी सामान पाठवत नाही.

ठराव मिळवायचा कसा? वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी निघते. नोटीस निघायच्या आधी तुमचा अर्ज सेक्रेटरींच्या हातात, पोचपावती घेऊन, पडायला हवा. त्यात विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा अशी विनंती स्पष्ट लिहा. 'आयत्या वेळचे विषय' मध्ये हा विषय घुसवू नका. नोटिशीत नसलेल्या विषयावरच्या ठरावाला पुढं कोणीही आक्षेप घेऊ शकतो. तितकं थांबायचं नसेल तर विशेष सभा घेता येते, तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस पुरते. समिती टाळाटाळ करत असेल तर सहकार कायद्याच्या कलम ७६ खाली एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा बोलवावीच लागते. वीस जणांचे एक पंचमांश म्हणजे चार. वीस सह्या गोळा करण्यापेक्षा चार सह्या सोप्या. मात्र अर्ज सासूबाईंच्या सहीनं जाऊ द्या. संस्थेच्या दप्तरी सभासद त्या आहेत, तुम्ही नाही.

आता मला वाटतं की सभेत तुम्हाला खरा प्रश्न कायद्याचा विचारला जाणारच नाही. तो असा असेल: "आज तुम्ही घेतली जागा, उद्या आम्हाला बसवायचं झालं तर कुठं बसवायचं?" हा रास्त प्रश्न आहे आणि त्याला हिशोबानंच उत्तर देता येतं. तुमच्यासारख्या इमारतीचा अंदाज मी करून दाखवतो, तुम्ही टेप घेऊन वर जा आणि खरे आकडे घाला.

समजा, गच्ची ४,००० चौरस फूट आहे. वीस फ्लॅटचे सोलर वॉटर हीटर साधारण ७५० फूट खातात. जिन्याची खोली, लिफ्टची खोली आणि टाक्या ५५०. कठड्याजवळची मोकळी पट्टी, जायच्या-यायच्या वाटा आणि टाकी-लिफ्टरूमची सावली पडते तो भाग मिळून ९००. उरले १,८००. एका किलोवॅटला वाटेसकट साधारण १०० चौरस फूट धरा. म्हणजे सगळी गच्ची भरली तरी १८ किलोवॅट बसतं, वीस जणांत वाटलं तर प्रत्येकाला एक किलोवॅटसुद्धा येत नाही. तुम्ही ३ किलोवॅट मागताय म्हणजे तिघांपेक्षा जास्त जणांचा वाटा मागताय. सभेत कोणीतरी हे बोलून दाखवणारच, तेव्हा आधीच तयारीनं जा.

माझा सल्ला असा की सभेत फक्त स्वतःचा अर्ज नेऊ नका, पूर्ण गच्चीची योजना न्या. आधी सोसायटीच्या सामायिक मीटरसाठी जागा राखा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा वापर अशा इमारतीत बहुधा महिन्याला ५००-६०० युनिट असतो, त्याला ५ किलोवॅट पुरतं, म्हणजे ५०० फूट. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे पाचला ९०,०००. याचा फायदा वीसच्या वीस घरांना मेंटेनन्समध्ये दिसतो, त्यामुळे ज्यांना स्वतःचं सोलर नकोय तेही हात वर करतात. मग उरतात १,३०० फूट. त्यातून ज्यांना हवंय त्यांना पहिल्या फेरीत दोन किलोवॅटची मर्यादा घाला. सहा जणांना जागा होते. माझ्या अनुभवात वीस घरांतून पहिल्या वर्षी पुढं येणारी घरं तीन-चारच असतात. त्यामुळे 'उद्या आम्हाला' म्हणणाऱ्यांची जागा कागदावर शिल्लक राहते.

आणि तुम्हाला दोनच पुरतात, हे विक्रेत्यानं तुम्हाला सांगायला हवं होतं. एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो. दोन म्हणजे महिन्याला २४० युनिट. पावसाळ्यात कमी पडतात, उन्हाळ्यात जास्त होतात, पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा होते त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढं ओढले जातात. तुमचा वापर २०० युनिटचा आहे. अनुदान दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीनला ७८,०००, म्हणजे तिसऱ्या किलोवॅटला फक्त १८,००० वाढतात, आणि त्याची वीज तुम्ही वापरणारच नाही. पुढं इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा बेत पक्का असेल तर गोष्ट वेगळी.

ठरावात काय लिहून घ्यायचं हे नीट बघा, कारण 'सोलर बसवण्यास मंजुरी देण्यात येत आहे' एवढ्या ओळीला काही अर्थ नाही. मी गिऱ्हाइकांना जो मसुदा देतो तो साधारण असा असतो:

"फ्लॅट क्रमांक अमुकच्या सभासद श्रीमती अमुक यांना इमारतीच्या गच्चीवर सोबतच्या नकाशात दाखवलेल्या दक्षिणेकडील २०० चौरस फूट जागेत, २ किलोवॅट क्षमतेची सौर यंत्रणा स्वखर्चाने बसवण्यास व तिच्या आयुष्यमानापर्यंत ठेवण्यास मंजुरी देण्यात येत आहे. केबल उत्तरेकडील डक्टमधून मीटर रूमपर्यंत नेण्यास, मीटर रूममध्ये आवश्यक मीटर बसवण्यास व मागील मोकळ्या जागेत तीन अर्थिंग खड्डे घेण्यास मंजुरी देण्यात येत आहे. गच्चीच्या स्लॅबला छिद्र पाडले जाणार नाही. इमारतीची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग किंवा पुनर्विकास यासाठी संस्थेने ३० दिवसांची लेखी सूचना दिल्यास सभासद स्वखर्चाने यंत्रणा हलवतील आणि दुरुस्तीनंतर त्याच जागी पुन्हा बसवू शकतील. फ्लॅट विकल्यास हा हक्क व ही जबाबदारी नव्या सभासदाकडे जाईल."

यातली दोन वाक्यं लोक हमखास विसरतात. एक, 'पुन्हा बसवू शकतील'. हलवायची अट सगळ्या सोसायट्या घालतात, परत बसवायचा हक्क लिहायचं कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरं केबल आणि अर्थिंगचं. पॅनेलची डीसी बाजू, इन्व्हर्टरची एसी बाजू आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक यांना वेगवेगळे असे तीन अर्थिंग खड्डे लागतात, आणि ते खाली जमिनीत असतात, गच्चीवर नाही. परवानगी फक्त गच्चीची असेल तर पॅनेल बसून तयार असतात आणि खाली बागेत पहार मारायला लागलो की तळमजल्यावरच्या काकू बाहेर येतात. एकदा माझे कामगार तुळशी वृंदावनापासून चार फुटांवर खड्डा घेत होते. पुढचं सांगत नाही. नकाशावर तिन्ही खड्डे आधीच दाखवलेले बरे.

स्लॅबला छिद्र नको हे मी स्वतःहून लिहून देतो, त्याचं कारण समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. वरून फरशी किंवा गिलावा अखंड दिसतो, पण आत पाणी एका ठिकाणी शिरलं की कोब्यातून आडवं पसरतं आणि भलत्याच खोलीच्या छताला उमटतं. एकदा अँकर बोल्ट ठोकला की मग गच्चीत कुठंही गळलं तरी नाव सोलरचंच. म्हणून चौकटीचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवायचे आणि ठोकळे कोब्यावर ठेवायचे. तुमची इमारत २०१२ ची आहे. कोबा आत्ताच फुगला असेल, त्यावर चालताना पोकळ आवाज येत असेल, तर आधी वॉटरप्रूफिंग आणि मग सोलर. नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: रेरा कायद्यानं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर आहे. त्या काळात गच्चीला भोक पाडलं तर बिल्डरला पळवाट तुम्हीच दिली म्हणून समजा.

आता महापालिका. इथं सेक्रेटरींना एका वाक्यात उत्तर देता येतं, पण त्यासाठी तुम्हाला विक्रेत्याचा नऊ फुटांचा हट्ट मोडावा लागेल. मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. बांधकाम परवानगी कशाला लागत नाही याची तिच्यात यादी आहे आणि त्या यादीत सोलर पॅनेल आहेत. अट अशी की पॅनेलचा तळ गच्चीपासून १.८ मीटरपर्यंतच असावा आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मजबुतीची खात्री करून घ्यावी. १.८ मीटर म्हणजे सहा फुटांना एक इंच कमी. तुमचे नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर. ते या सवलतीत बसत नाहीत, त्यासाठी आर्किटेक्टमार्फत नगररचना विभागाकडे रीतसर प्रस्ताव द्यावा लागेल.

विक्रेत्यांना उंच स्ट्रक्चर आवडतं, कारण टाकीची सावली टळते आणि लोखंडाचं बिलही वाढतं. गिऱ्हाइकालाही खालची जागा फुकट मिळाल्यासारखी वाटते. मग हळूहळू खाली पत्र्याची बाजू लागते, कपड्यांच्या दोऱ्या येतात, एखादी कॉट येते. एका शहरात शेजाऱ्यानं फोटोसकट तक्रार केली आणि माझ्या ओळखीच्या एका ठेकेदाराच्या गिऱ्हाइकाला अनधिकृत शेडची नोटीस आली. पॅनेल पाडायला कोणी सांगत नव्हतं, पण त्यांच्याखालची खोली होण्याच्या बेतात असलेली जागा पालिकेला दिसत होती. तुमच्या २०० फुटांत सावली येत नसेल तर पुढची बाजू दोन-तीन फुटांवर आणि मागची त्याहून थोडी वर, एवढंच स्ट्रक्चर करा. वारा कमी लागतो, पॅनेल पुसायला शिडी लागत नाही आणि पालिकेत जावंच लागत नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मात्र चुकवू नका. वजनाची भीती बहुतेक ठिकाणी अनाठायी असते. साडेपाचशे वॅटचं एक पॅनेल २८ किलोच्या घरात असतं, तुम्हाला चार लागतील, म्हणजे सव्वाशे किलोच्या आत. वावराच्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशोबानं धरलेला असतो, पॅनेल-चौकटीचं वजन त्याच्या पुष्कळ आत राहतं. काळजी आहे ती वाऱ्यानं उचलण्याची. नाशिकसाठी मानकांत मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. छिद्र न पाडता ठेवलेल्या चौकटीला तेवढ्या वाऱ्यात जागेवर ठेवणारे ठोकळे किती वजनाचे आणि ते तुळयांच्या वर कुठं ठेवायचे, हे इंजिनिअरनं लिहून द्यायचं. त्याची एक प्रत सोसायटीला द्या. सेक्रेटरींना 'महापालिकेचं पत्र' म्हणून जे हवंय, त्याची भीती बऱ्याचदा या कागदानं जाते. देवळालीसारख्या छावणी मंडळाच्या हद्दीत किंवा विमानतळाच्या उंची-निर्बंधाच्या पट्ट्यात घर असेल तर मात्र तिथले नियम आधी विचारावे लागतात. इंदिरानगर छावणी मंडळाच्या हद्दीत नाही, विमानतळाच्या पट्ट्याचं तेवढं विचारून घ्या.

लाइट बिलाचं नाव ही तुमच्या प्रकरणातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात आधी करायची गोष्ट. योजनेचा अर्ज pmsuryaghar.gov.in वर ग्राहक क्रमांकानं होतो आणि अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं. ग्राहक हयात नसेल तर पैसे कोणाच्या खात्यात जाणार? सोलर चालू होऊन, अनुदान नाव जुळत नाही म्हणून अडकलेली घरं मी पाहिली आहेत. महावितरणच्या संकेतस्थळावर नाव बदलाचा अर्ज करा, सासऱ्यांचा मृत्यू दाखला आणि सासूबाईंच्या नावाचा मालकीचा कागद जोडा. बिलावर सासूबाईंचं नाव छापून आलं की मगच पोर्टलवर अर्ज टाका. भाग दाखला, वीज बिल, आधार आणि बँक पासबुक या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही बघून घ्या. 'मंगला' आणि 'मंगल' यांतला काना महिनाभर खातो. त्याच बिलावर 'मंजूर भार' म्हणून आकडा असतो, तो दोन किलोवॅटपेक्षा कमी असेल तरी घाबरू नका. दहा किलोवॅटच्या आत भार वाढवून घेणं हे वीज कंपनीचं काम आहे. पोर्टलची मंजुरी येईपर्यंत विक्रेत्याला बुकिंगच्या नाममात्र रकमेपलीकडे पैसे देऊ नका, आणि सभेचा ठराव होईपर्यंत तर अजिबातच नाही.

समोरच्या भाडेकरूंचं उत्तर वेगळं आहे. योजना त्यांना नाही म्हणत नाही. वीज जोडणी त्यांच्या नावावर असेल, बिल ते भरत असतील आणि घरमालकानं छत वापरायची परवानगी दिली असेल, तर भाडेकरूलाही सोलर बसवता येतं. अडचण व्यवहारात आहे. फ्लॅटच्या इमारतीत घरमालकाकडेही गच्चीचा स्वतंत्र हक्क नसतो. सोसायटीकडे अर्ज मालकाच्या सहीनंच जायला हवा, कारण सभासद तो आहे. म्हणजे मालकाची परवानगी ही पहिली पायरी आणि सभेचा ठराव ही दुसरी. त्यात आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो आणि मीटर बहुधा मालकाच्याच नावावर. यंत्रणा उचलून दुसऱ्या घरी नेता येते, पण नव्या गच्चीची परवानगी, नवं नेट मीटर, मजुरी आणि केबल हे सगळं पुन्हा, आणि अनुदान दुसऱ्यांदा मिळत नाही.

म्हणून मी भाडेकरूंना सांगतो की मालकाला गळ घाला. सोलर मालकानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पैशानं बसवावं, अनुदान त्यानं घ्यावं आणि भाड्यात पाच-सातशे रुपये वाढवावेत. भाडेकरूचं बिल त्याहून जास्त उतरलं तर दोघंही खूश. ही वाढ नव्या करारात लिहून घ्यावी, आणि पॅनेल पुसायचे कोणी तेही लिहावं. नाहीतर सहा महिन्यांत वीज कमी झाली म्हणून मला फोन येतो, आणि वर जाऊन बघावं तर पॅनेलवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ.

तुमच्या बाबतीत या आठवड्यात दोनच कामं आहेत. कपाटातून भाग दाखला किंवा अपार्टमेंट डीड, जे असेल ते बाहेर काढा आणि इथं सांगा. आणि सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला गच्चीच्या दक्षिण बाजूचे तीन फोटो काढून ठेवा, वॉटर हीटर फोटोत दिसू द्या. तुमच्या पॅनेलची सावली कोणाच्या हीटरवर पडणार नाही, हे सभेत दाखवता आलं पाहिजे. गरम पाण्यावरून सोसायटीत जितकी भांडणं होतात तितकी विजेवरून होत नाहीत.